पाणी तापते ते कशाने? एका युरेनियम अणूच्या ऊर्जेचा हिशेब

अणू फुटला की प्रचंड ऊर्जा बाहेर पडते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण ऊर्जा ‘बाहेर पडते’ म्हणजे नक्की काय बाहेर पडते? उजेड? ज्वाळा? अणुभट्टीत पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरते, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. मात्र ते पाणी तापते कशाने, असे विचारले तर ‘अणुऊर्जेने’ एवढेच उत्तर मिळते, आणि त्या उत्तराने प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

या प्रकरणात आपण युरेनियमचा एकच अणू घेऊ, त्याच्या केंद्रकाची दोन शकले होताना पाहू आणि निघालेल्या ऊर्जेचा प्रत्येक हिस्सा कुठे, किती वेळाने आणि कोणत्या रूपात पोचतो याचा माग काढू. ही ऊर्जा एकाच जागी आणि एकाच क्षणी उतरत नाही. तिचा बराचसा भाग केसाच्या जाडीपेक्षा कमी अंतरात संपतो, काही भाग तासांनी आणि दिवसांनी येतो, तर काही भाग भट्टीच्या भिंती ओलांडून कायमचा निघून जातो. अणुभट्टीची रचना आणि तिचे धोके या वाटपावरच ठरतात.

१. मोजायचे कशात?

एका अणूची ऊर्जा ज्यूलमध्ये सांगायची तर दशांशचिन्हानंतर दहा शून्ये लिहावी लागतात. म्हणून अणूंच्या जगात इलेक्ट्रॉनव्होल्ट हे माप वापरतात. एक व्होल्टचा विद्युतदाब ओलांडताना एका इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा मिळते, तेवढी म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट. असे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळून एक ‘एमईव्ही’ होतो. यापुढे आपण हेच माप वापरू.

कोळसा जळतो तेव्हा कार्बनचा एक अणू प्राणवायूशी जोडला जातो आणि त्यातून सुमारे ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात. युरेनियम-२३५ चे एक केंद्रक फुटले की सुमारे २०० एमईव्ही, म्हणजे वीस कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात. अणूला अणू लावून पाहिले तर फरक पाच कोटी पटींचा आहे.

तरीही एका विखंडनाने काहीच तापत नाही. फक्त एक वॅट उष्णता मिळवायची तर दर सेकंदाला सुमारे ३,१०० कोटी केंद्रके फुटावी लागतात. मुंबईजवळ तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘ध्रुव’ ही संशोधन भट्टी आहे. तिची पूर्ण क्षमता १०० मेगावॅट उष्णतेची. तेवढ्यासाठी दर सेकंदाला तीनवर अठरा शून्ये इतकी विखंडने होतात. एवढे होऊनही दिवसभरात फुटणाऱ्या अणूंचे एकूण वजन भरते साधारण शंभर ग्रॅम.

२. फुटण्याआधी आणि फुटल्यानंतर

युरेनियम-२३५ च्या केंद्रकात ९२ प्रोटॉन आणि १४३ न्यूट्रॉन असतात. त्यात बाहेरून एक मंद न्यूट्रॉन शिरला की केंद्रक थरथरू लागते, लांबट होते, मधोमध बारीक होते आणि तुटते. दर वेळी तुकडे सारखेच पडतात असे नाही. शेकडो वेगवेगळ्या जोड्या पडू शकतात. आपण त्यातली एक घेऊ: बेरियम-१४१, क्रिप्टॉन-९२ आणि सोबत तीन सुटे न्यूट्रॉन.

आधी कणांची मोजदाद करू. बेरियमचे ५६ आणि क्रिप्टॉनचे ३६ मिळून ९२ प्रोटॉन. एकूण कण १४१ अधिक ९२ अधिक ३, म्हणजे २३६. सुरुवातीलाही युरेनियमचे २३५ आणि आत शिरलेला एक मिळून २३६ च होते. एकही कण नाहीसा झालेला नाही. ‘पदार्थ नष्ट होऊन त्याची ऊर्जा झाली’ असे जे सांगितले जाते, त्याने इथे गैरसमज होतो. कण तेवढेच राहिले, त्यांची बांधणी बदलली, आणि नव्या बांधणीचे एकूण वस्तुमान थोडे कमी भरते.

किती कमी? अणूंच्या वस्तुमानाच्या एककात हिशेब असा:

फुटण्याआधी: २३५.०४३९ + १.००८७ = २३६.०५२६
फुटल्यानंतर: १४०.९१४४ + ९१.९२६२ + ३.०२६० = २३५.८६६६
घट: ०.१८६०

अशा एका एककाची घट म्हणजे ९३१.५ एमईव्ही. ०.१८६० ला त्याने गुणले की १७३ एमईव्ही येतात. दोनशेला अजून सत्तावीस कमी आहेत. ती चूक नाही. बेरियम-१४१ आणि क्रिप्टॉन-९२ हे दोन्ही तुकडे अस्थिर असतात, आणि उरलेली ऊर्जा त्यांच्यात अजून अडकलेली असते. ती कशी सुटते ते पुढे येईलच. तूर्त पहिल्या क्षणाचे १७३ एमईव्ही कुणाकुणाला मिळाले ते पाहू.

३. सर्वात मोठा वाटा: तुकड्यांची धाव

केंद्रक तुटते त्या क्षणी ५६ प्रोटॉनांचा एक गोळा आणि ३६ प्रोटॉनांचा दुसरा गोळा एकमेकांच्या अगदी शेजारी असतात. दोघांवरही धन विद्युतभार आहे, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. एकत्र होते तोवर केंद्रकीय बलाने त्यांना धरून ठेवले होते. पण ते बल फार जवळच्या अंतरातच काम करते. मान तुटली की त्याची पकड संपते आणि विद्युत प्रतिकर्षणाला मोकळे रान मिळते.

या ढकलण्यातून किती ऊर्जा मिळते हे काढण्याचे सूत्र सोपे आहे. दोन विद्युतभारांचा गुणाकार करायचा, त्याला १.४४ ने गुणायचे आणि दोन केंद्रांमधल्या अंतराने भागायचे. अंतर फेमटोमीटरमध्ये घ्यायचे. एक फेमटोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. अखंड युरेनियम केंद्रकाचा व्यास सुमारे १५ फेमटोमीटर असतो. तुटताना ते ताणलेले असते, म्हणून तुकड्यांच्या केंद्रांमध्ये १८ फेमटोमीटर अंतर धरू.

१.४४ × ५६ × ३६ ÷ १८ = सुमारे १६१ एमईव्ही

म्हणजे अणुऊर्जा म्हणून जिला आपण ओळखतो, तिचा सर्वात मोठा भाग प्रत्यक्षात दोन धन विद्युतभारांनी एकमेकांना दूर लोटल्याचा परिणाम आहे. १९३८ च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या कुंगेल्व गावी लिझे माइट्नर आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश यांनी बर्फात फिरायला गेले असताना नेमका हाच हिशेब केला. युरेनियममधून बेरियम निघते, असे बर्लिनहून ओटो हान यांनी कळवले होते आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. प्रतिकर्षणाची ऊर्जा काढली तर ती सुमारे २०० एमईव्ही येत होती. वस्तुमानातली घट काढली तर ती प्रोटॉनच्या सुमारे एकपंचमांश येत होती, आणि तिचेही सुमारे २०० एमईव्हीच होत होते. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, तेव्हा केंद्रक फुटते यावर त्यांचा विश्वास बसला. जानेवारी १९३९ मध्ये कोपनहेगनला परतल्यावर फ्रिश यांनी युरेनियमजवळ वायूने भरलेला मोजणीकक्ष ठेवला. या तुकड्यांनी वायूत उमटवलेले विजेचे मोठे ठोके त्यांना त्यात स्पष्ट दिसले.

आपल्या जोडीत तुकड्यांच्या वाट्याला साधारण १६० एमईव्ही येतात. हे दोघांत समान वाटले जात नाहीत. दोघे विरुद्ध दिशांना जातात आणि दोघांचा संवेग सारखा असावा लागतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. म्हणून हलक्याचा वेग जास्त आणि ऊर्जाही जास्त. क्रिप्टॉनला सुमारे ९७ एमईव्ही आणि बेरियमला सुमारे ६३ एमईव्ही मिळतात. क्रिप्टॉनचा वेग भरतो सेकंदाला सुमारे १४,३०० किलोमीटर, आणि बेरियमचा सुमारे ९,३००.

एवढ्या वेगाने निघालेला तुकडा दूर जायला हवा. तो जात नाही. निघतानाच त्याच्याभोवतीचे बरेच इलेक्ट्रॉन मागे राहतात, त्यामुळे त्याच्यावर मोठा धन विद्युतभार असतो. वाटेतल्या प्रत्येक अणूचे इलेक्ट्रॉन तो हुसकत जातो आणि दर वेळी थोडी ऊर्जा गमावतो. गती मंदावली की तो अणूंना थेट धडकू लागतो. इंधनात त्याचा सगळा प्रवास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आतच संपतो, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या आठव्या-दहाव्या हिश्शात. वेळ लागतो सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. त्याच्या मार्गातले हजारो अणू जोराने थरथरू लागतात. अणूंची थरथर म्हणजेच उष्णता.

आपल्या मूळ प्रश्नाचे बहुतेक उत्तर इथे मिळाले. पाणी तापते, कारण इंधनाची कांडी तापते. कांडी तापते, कारण तिच्या आत तुकडे थांबतात. सर्व जोड्यांची सरासरी काढली तर एका विखंडनाच्या सुमारे २०२ एमईव्हींपैकी १६९ या एकाच मार्गाने येतात. शंभरातले त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी.

यातून दोन गोष्टी घडतात. तुकडे जिथे जन्मतात तिथेच अडकतात, म्हणून इंधनावरचे धातूचे पातळ आवरण अभंग असेपर्यंत किरणोत्सारी द्रव्य बहुतांशी आतच राहते. पण अडकलेल्या तुकड्यांत क्रिप्टॉन आणि झेनॉन हे वायूही असतात. इंधन जसजसे वापरले जाते, तसतसे ते या वायूंमुळे फुगते आणि आवरणावर आतून दाब येतो. कांडी किती काळ भट्टीत ठेवायची याला यामुळेही मर्यादा पडते.

४. न्यूट्रॉन: ऊर्जा थोडी, प्रवास लांब

तुटलेले तुकडे केवळ वेगवान नसतात. ते ओढाताणीने विस्कटलेलेही असतात आणि त्यांच्यात न्यूट्रॉनांचा भरणा जास्त असतो. जन्मल्यावर डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी ते काही न्यूट्रॉन बाहेर टाकतात. मंद न्यूट्रॉनने युरेनियम-२३५ फुटले तर सरासरी २.४ न्यूट्रॉन निघतात. प्रत्येकाची ऊर्जा सरासरी २ एमईव्ही. सगळे मिळून ४.८ एमईव्ही, म्हणजे एकूण ऊर्जेच्या अडीच टक्क्यांहूनही कमी.

पण न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून तो अडथळ्याविना जातो आणि एखाद्या केंद्रकावर आपटला तरच वेग गमावतो. कशावर आपटतो यावर सगळे अवलंबून असते. कॅरमचा स्ट्रायकर बोर्डाच्या कडेवर आपटला की जवळजवळ तेवढ्याच वेगाने परत येतो. तोच सोंगटीवर बसला की सोंगटी पळते आणि स्ट्रायकर मंदावतो. न्यूट्रॉनचेही असेच आहे. युरेनियमचे जड केंद्रक त्याच्यासाठी बोर्डाची कड आहे, आणि हायड्रोजनचे हलके केंद्रक सोंगटी. २ एमईव्हीचा न्यूट्रॉन पुढचे विखंडन सहज घडवता येईल इतका मंद करायचा, तर हायड्रोजनशी सरासरी अठरा टकरा पुरतात. जड पाण्यातल्या ड्यूटेरियमशी पंचवीस लागतात. युरेनियमशी दोन हजारांहून जास्त लागल्या असत्या.

म्हणून न्यूट्रॉनांची ऊर्जा इंधनात न उतरता मंदायकात उतरते. मंदायक म्हणजे न्यूट्रॉन मंद करणारा पदार्थ. ही गोष्ट तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत प्रत्यक्ष दिसते. तिथे उष्णता वाहून नेणारे जड पाणी नळ्यांमधून जाते आणि तीनशे अंशांच्या घरात तापते. न्यूट्रॉन मंद करणारे जड पाणी मात्र त्या नळ्यांभोवतीच्या वेगळ्या टाकीत असते. ते थंड ठेवायचे असते, तरी न्यूट्रॉन आणि गॅमा किरण त्यात थेट उष्णता ओततच राहतात. भट्टीच्या एकूण उष्णतेपैकी सुमारे पाच टक्के या टाकीत उतरतात. म्हणून तिला स्वतःचे पंप आणि स्वतःची शीतकरण व्यवस्था लागते.

न्यूट्रॉनांची आणखी एक नोंद आहे, आणि ती विखंडनाच्या खात्यात नाही. साखळी एकसारखी चालू राहायची तर २.४ पैकी एकच न्यूट्रॉन पुढचे केंद्रक फोडतो. उरलेले बहुतेक युरेनियम-२३८, पोलाद, पाणी अशा कशात तरी शोषले जातात. केंद्रकाने न्यूट्रॉन पोटात घेतला की ते काही एमईव्हींचे गॅमा किरण सोडते. हायड्रोजनने घेतला तर २.२, युरेनियम-२३८ ने घेतला तर ४.८, लोखंडाने घेतला तर साडेसात. अशी प्रत्येक विखंडनामागे सरासरी आठ-नऊ एमईव्हींची भर पडते. नेमका आकडा भट्टीत काय काय भरले आहे यावर बदलतो.

५. गॅमा किरण: दूरवर पोचणारी उष्णता

न्यूट्रॉन टाकून झाल्यावरही तुकड्यांत थोडी उत्तेजना उरते. ते गरगर फिरत असतात. उरलेली ऊर्जा ते गॅमा किरणांच्या रूपाने सोडतात. गॅमा किरण हा प्रकाशाचाच प्रकार आहे, पण डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा लाखो पट ऊर्जेचा. एका विखंडनात असे सात-आठ किरण निघतात आणि मिळून सुमारे ७ एमईव्ही नेतात.

तुकडे केसाच्या जाडीतही मावतात. गॅमा किरण मात्र एका ठिकाणी थांबत नाहीत. एक एमईव्हीचे किरण निम्मे करायला सुमारे दीड सेंटिमीटर पोलाद किंवा दहा सेंटिमीटर पाणी लागते. म्हणून त्यांची ऊर्जा विखुरते. थोडी इंधनात, थोडी पाण्यात, थोडी नळ्यांत आणि आधारांत, तर थोडी बाहेरच्या संरक्षक थरांत. ज्या पोलादात युरेनियमचा कणही नाही, ते पोलाद आतून तापते. भट्टीचे आराखडे करणाऱ्यांना अशा प्रत्येक जाड भागाला थंडावा कुठून मिळेल याचा वेगळा विचार करावा लागतो.

इथपर्यंतचे सगळे सेकंदाच्या अगदी किरकोळ अंशात आटोपते. सरासरीची बेरीज अशी: १६९ अधिक ४.८ अधिक ७, म्हणजे सुमारे १८१ एमईव्ही.

६. उशिरा येणारी ऊर्जा

आपले दोन तुकडे आता थांबले आहेत, पण शांत नाहीत. त्यांच्यात अजूनही न्यूट्रॉन जास्त आहेत. ते आता न्यूट्रॉन टाकत नाहीत, तर एकेका न्यूट्रॉनचे प्रोटॉनमध्ये रूपांतर करतात. या वेळी केंद्रकातून एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. त्याला बीटा कण म्हणतात. प्रत्येक पायरीला मूलद्रव्य बदलते.

क्रिप्टॉन-९२ ची पायरी लवकर येते. दोन सेकंदांच्या आत त्याच्यासारखे निम्मे अणू रुबिडियम होतात. रुबिडियम साडेचार सेकंदांत निम्मे होऊन स्ट्राँशियम होते. स्ट्राँशियमला अडीच-पावणेतीन तास लागतात, पुढे येणाऱ्या इट्रियमला साडेतीन तास, आणि शेवटी स्थिर झिर्कोनियम-९२ येते. बेरियम-१४१ ला अठरा मिनिटे, त्यानंतरच्या लँथेनमला चार तास आणि सीरियमला साडेबत्तीस दिवस. मग स्थिर प्रॅसिओडिमियम.

एका फुटीनंतर अशा सात पायऱ्या झाल्या. सुरुवातीचे आणि शेवटचे वस्तुमान वजा करून पाहिले तर घट येते ०.०२७९, म्हणजे २६ एमईव्ही. आधीचे १७३ आणि हे २६ मिळून १९९. मागे कमी पडलेला आकडा भरून निघाला.

सर्व जोड्यांच्या सरासरीत हे उशिराचे येणे असे वाटले जाते: बीटा कणांकडे ६.५ एमईव्ही, त्यांच्यामागून निघणाऱ्या गॅमा किरणांकडे ६.३, आणि न्यूट्रिनोंकडे ८.८. न्यूट्रिनो तूर्त बाजूला ठेवू. बीटा आणि गॅमा मिळून १२.८ झाले. भट्टीत उष्णता म्हणून उतरणारी विखंडनाची ऊर्जा सुमारे १९४ एमईव्ही आहे. १२.८ ला १९४ ने भागले की साडेसहा टक्के येतात.

हा साडेसहाचा आकडा अणुभट्टीच्या सुरक्षेतला मूळ आकडा आहे. दीर्घकाळ चाललेली भट्टी बंद केली, म्हणजे न्यूट्रॉन शोषणाऱ्या नियंत्रक कांड्या आत सोडल्या, तर विखंडन काही क्षणांतच जवळजवळ थांबते. पण आधी पडलेले तुकडे आपापल्या वेळेनेच पायऱ्या उतरतात. त्यांना थांबवणारे बटण नाही. तापवून, थंड करून, दाब देऊन त्यांचा वेग बदलत नाही. म्हणून बंद केल्याच्या क्षणी उष्णता शून्यावर न येता साडेसहा टक्क्यांच्या आसपास येते. तासाभराने ती एक-दीड टक्का असते, दिवसाने सुमारे अर्धा टक्का.

टक्के ऐकायला लहान वाटतात. फुकुशिमा दाइइची केंद्रातल्या पहिल्या भट्टीची उष्णता क्षमता १,३८० मेगावॅट होती. ११ मार्च २०११ रोजी भूकंपाचे हादरे बसताच ती आपोआप आणि नीट बंद झाली. विखंडन थांबले. सुमारे पन्नास मिनिटांनी त्सुनामीचे पाणी शिरले आणि पंप चालवणारी वीज गेली. त्या वेळी इंधनातून पंधरा-वीस मेगावॅट उष्णता निघतच होती. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सव्वादोन मेगाज्यूल लागतात. या हिशेबाने ताशी पंचवीस-तीस टन पाणी वाफ होऊन जाणार. बाहेरून पाणी मिळाले नाही. पातळी खाली आली, इंधन उघडे पडले, आवरणाच्या झिर्कोनियमची वाफेशी क्रिया होऊन हायड्रोजन निघाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी इमारतीचा वरचा भाग स्फोटाने उडाला. साखळी प्रक्रियेचा त्या स्फोटाशी संबंध नव्हता. प्रत्येक विखंडनामागे मागे राहिलेले ते १२.८ एमईव्ही वाहून नेले गेले नाहीत, त्याचा हा परिणाम होता.

७. न्यूट्रिनो: परत न येणारा वाटा

बीटा कणाची ऊर्जा मोजताना शास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक पेच पडला होता. केंद्रक दर वेळी ठरावीक ऊर्जा गमावते, पण इलेक्ट्रॉन कधी कमी तर कधी जास्त घेऊन निघतो. उरलेली कुठे जाते? डिसेंबर १९३० मध्ये वुल्फगांग पाउली यांनी सुचवले की इलेक्ट्रॉनसोबत आणखी एक विद्युतभाररहित, अतिशय हलका कण निघत असावा. तो आज न्यूट्रिनो म्हणून ओळखला जातो. विखंडनाच्या तुकड्यांतून निघतो त्याला काटेकोरपणे प्रतिन्यूट्रिनो म्हणायचे.

प्रत्येक बीटा पायरीला एक प्रतिन्यूट्रिनो. एका विखंडनामागे सरासरी सहा. आपल्या साखळीतले रुबिडियम-९२ एका पायरीत तब्बल ८ एमईव्ही सोडते, आणि त्यातला सरासरी निम्म्याहून थोडा जास्त भाग प्रतिन्यूट्रिनो घेऊन जातो.

हा कण सहसा कशानेच थांबत नाही. त्याला हमखास अडवायचे तर अनेक प्रकाशवर्षे जाडीचे शिसे लागेल. भट्टीची काँक्रीटची भिंत काय किंवा सगळी पृथ्वी काय, त्याच्यासाठी सारखीच. म्हणून एकूण ऊर्जेपैकी चार टक्क्यांहून थोडी जास्त ऊर्जा पाण्यापर्यंत येतच नाही. ध्रुव भट्टी पूर्ण क्षमतेने चालते तेव्हा सुमारे चार मेगावॅट अशा रीतीने चहूबाजूंना निघून जातात. ते आजूबाजूच्या माणसांच्या अंगातूनही जातात आणि कुणालाही बाधत नाहीत, कारण ते अंगात उतरतच नाहीत.

न थांबणारा कण आहे हे कळले कसे? संख्येच्या बळावर. क्लाइड कोवान आणि फ्रेडरिक राइन्स यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर येथील भट्टीजवळ जमिनीखाली पाण्याच्या टाक्या ठेवल्या. पाण्यात कॅडमियमचा क्षार विरघळवला होता. तिथे प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला अनेक लाख कोटी प्रतिन्यूट्रिनो जात होते. एखादाच पाण्यातल्या प्रोटॉनवर बसे आणि त्याचा न्यूट्रॉन करी, सोबत एक पॉझिट्रॉनही निघे. तेव्हा दोन खुणा एकामागून एक मिळत: आधी पॉझिट्रॉन नष्ट होण्याची चमक, आणि काही मायक्रोसेकंदांनी कॅडमियमने तो न्यूट्रॉन गिळल्याची दुसरी चमक. ही जोडचमक तासाला सुमारे तीनदा दिसली. भट्टी बंद केली की ती कमी होई, आणि त्यावरूनच ती भट्टीतून येते हे ठरले.

आज हीच युक्ती ध्रुवपासून काही मीटरवर वापरली जाते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तिथे प्लास्टिक सिंटिलेटरच्या लांब पट्ट्यांची जुळणी केली आहे. सिंटिलेटर म्हणजे कण आदळला की चमकणारा पदार्थ. हिला ‘इस्म्रान’ म्हणतात. हेतू असा की भट्टीला हात न लावता, बाहेरून, ती किती शक्तीवर चालली आहे ते कळावे. इंधनात काय फुटते आहे याचाही अंदाज घेता येतो. युरेनियम-२३५ च्या तुलनेत प्लुटोनियम-२३९ फुटताना पकडता येण्याजोगे प्रतिन्यूट्रिनो कमी निघतात. म्हणून शक्ती तीच असूनही चमकांची संख्या घटू लागली, तर इंधनात प्लुटोनियमचा वाटा वाढतो आहे असे समजते. अडचण अशी की १.८ एमईव्हीहून कमी ऊर्जेचे प्रतिन्यूट्रिनो ही क्रिया घडवूच शकत नाहीत. निघालेल्यांपैकी बहुतेक या रेषेच्या खालचेच असतात.

८. बेरीज

युरेनियम-२३५ च्या एका विखंडनाचा सरासरी हिशेब असा मांडता येतो:

तुकड्यांची गती: १६९.१ एमईव्ही, इंधनातच, तत्क्षणी
न्यूट्रॉनांची गती: ४.८ एमईव्ही, मुख्यतः मंदायकात
तत्क्षणीचे गॅमा किरण: ७.० एमईव्ही, इंधन, पाणी आणि पोलादात विखुरलेले
उशिराचे बीटा कण: ६.५ एमईव्ही, बहुतांशी इंधनात
उशिराचे गॅमा किरण: ६.३ एमईव्ही, विखुरलेले
प्रतिन्यूट्रिनो: ८.८ एमईव्ही, भट्टीबाहेर, कायमचे
एकूण: २०२.५ एमईव्ही

पुस्तके चाळली तर एकाच विखंडनासाठी कुठे १८१, कुठे १९४, तर कुठे २०० किंवा २०२ असे आकडे दिसतात, आणि वाचक गोंधळतो. आता त्यांतला प्रत्येक आकडा कुठून येतो ते ओळखता येईल. १८१ हा पहिल्या क्षणाचा हिशेब. त्यात उशिराचे बीटा आणि गॅमा मिळवले, पण न्यूट्रिनो सोडले, तर १९४. न्यूट्रिनोंसकट २०२. भट्टी चालवणारा अभियंता न्यूट्रिनोंचे ८.८ वजा करतो, पण न्यूट्रॉन शोषले जाताना मिळणारे आठ-नऊ त्यात जमा करतो, आणि त्याचा आकडाही पुन्हा २०० च्या आसपास येतो. ही जुळणी योगायोगाची आहे. भट्टीतले धातू किंवा मंदायक बदलला की जमा होणारा आकडा बदलतो, वजा होणारा तेवढाच राहतो.

म्हणून विखंडनाच्या ऊर्जेचा कोणताही आकडा समोर आला की आधी तीन गोष्टी पाहाव्यात: तो किती वेळेपर्यंतचा आहे, त्यात न्यूट्रिनो धरले आहेत का, आणि शोषलेल्या न्यूट्रॉनांची भर घातली आहे का. या तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करू नये.